दिवाळीनंतरचा पहिला आठवडा : किशोर कबड्डी संघाचा सरावभार कसा मोजायचा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की दोन-तीन आठवड्यांत कबड्डीच्या मुलांची दुखणी एकामागून एक बाहेर यायला लागतात. कुणाची मांडी धरते, कुणाची टाच दुखते, कुणाला गुडघ्याच्या वाटीखाली ठणका लागतो. प्रशिक्षक वही उघडून बघतात तर सराव नेहमीइतकाच घेतलेला असतो. मग 'सुट्टीत मुलं फराळ खाऊन सुस्तावली' असं म्हणून विषय संपतो. पण सुट्टीआधी मुलाच्या अंगावर किती भार होता, सुट्टीत तो किती खाली आला आणि परतल्यावर एका आठवड्यात किती वर गेला, हे कुणी मांडलेलंच नसतं. ते मांडायला घड्याळ, वही आणि मुलाला विचारलेला एक प्रश्न पुरतो.

हा लेख साताऱ्याकडच्या तालीम मंडळांत, शाळांत किंवा गावच्या क्रीडा मंडळात तेरा ते सोळा वयाच्या मुलांना शिकवायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी आहे. उदाहरण कबड्डीचं घेतलं आहे. खो-खो किंवा फुटबॉलच्या संघालाही हीच पद्धत चालते.

हिशेब कसला करायचा

सराव झाल्यावर मुलाला विचारायचं, 'आजचा सराव एकूण किती जड गेला?' त्यानं ० ते १० मधला एक आकडा सांगायचा. तो आकडा आणि सरावाची मिनिटं यांचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचा भार. पाऊण तासाचा सराव मुलाला ४ वाटला, तर ४५ गुणिले ४, म्हणजे १८० एकक. सात दिवसांची बेरीज म्हणजे आठवड्याचा भार.

श्रम किती जाणवले हे आकड्यात सांगायची कल्पना स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची. त्यांची शून्य ते दहाची पट्टी घेऊन अख्ख्या सरावाला एकच आकडा द्यायचा आणि तो मिनिटांनी गुणायचा, ही पद्धत अमेरिकेत कार्ल फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. त्यांचा २००१ सालचा शोधनिबंध आजही या विषयात आधाराला घेतला जातो. छातीला पट्टा बांधून मोजलेल्या हृदयाच्या ठोक्यांशी हा साधा गुणाकार बऱ्यापैकी जुळतो, म्हणून मोठमोठे संघसुद्धा तो वापरतात. आपल्याकडे पट्टे नाहीत म्हणून काढलेली ही पळवाट आहे, असं समजू नका.

पट्टीला आपल्या मुलांचे शब्द द्या

पट्टी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. शब्द पुस्तकी नकोत, मुलं बोलतात तसे हवेत. मी ही पट्टी वापरतो :

० – काहीच केलं नाही
१ – अगदी किरकोळ
२ – सोपं
३ – ठीकठाक
४ – थोडं जड
५ – जड
७ – लय जड
१० – आजवर केलेल्यात सगळ्यात जड

६, ८ आणि ९ च्या पुढे मुद्दाम शब्द लिहिलेले नाहीत. मूळ पट्टीतही ते रिकामेच आहेत. '५ पेक्षा जास्त, पण ७ इतकं नाही' असं वाटलं तर मूल आपण होऊन ६ म्हणतं.

पहिल्या दिवशी मुलांना पट्टीची दोन टोकं नीट समजावून सांगा. १० म्हणजे काय, हे प्रत्येकानं आपल्या आठवणीतून शोधायचं. कुणाला जिल्हा स्पर्धेतला जादा वेळेत गेलेला सामना आठवेल, कुणाला पावसात अजिंक्यतारा पळत चढलेला दिवस. हे टोक पक्कं झालं नाही, तर एक मुलगा रोज ९ सांगतो आणि दुसरा रोज ३. तसं असलं तरी प्रत्येकाची तुलना आपण त्याच्याच मागच्या आकड्यांशी करणार आहोत, त्यामुळे दोन मुलांचे आकडे वेगळे आले म्हणून काळजीचं कारण नाही. एकाच मुलाची पट्टी दर आठवड्याला सरकत राहिली, तर मात्र हिशेब बिघडतो.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांना आकडे तितकेसे जमत नाहीत. त्यांच्यासाठी चेहऱ्यांची चित्रं असलेली पट्टी बरी. त्यांच्या उत्तरांवर भिस्तही थोडी कमी ठेवावी.

विचारायचं कसं

ही पद्धत बिघडते ती बहुतेक वेळा इथेच, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

सराव संपल्या संपल्या विचारू नका. शेवटी दम काढणाऱ्या चढाया घेतल्या असतील, तर मूल त्या पाच मिनिटांचाच आकडा सांगेल. आधीची तासाभराची पकडींची तालीम तो विसरलेला असतो. फॉस्टरच्या पद्धतीत अर्ध्या तासानं विचारतात. आपल्याकडे तोवर निम्मी मुलं सायकलवर घरी पोचलेली असतात आणि लांबच्यांना एसटी गाठायची असते. म्हणून अंग मोकळं करून, पाणी पिऊन, मॅट गुंडाळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या आणि मग विचारा. तेही जमत नसेल, तर रात्री पालकांच्या फोनवर निरोप मागवा. वेळ रोज साधारण तीच ठेवा.

प्रत्येकाला एकट्याला विचारा. रांगेत उभं करून विचारलं की काय होतं ते एकदा बघाच. कर्णधार 'चार' म्हणतो. मागचा मुलगा त्याच्याकडे बघतो आणि 'चार, सर' म्हणतो. त्याच्या मागचा, जो दोन मिनिटांपूर्वी गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होता, तोही 'चारच'. याच मुलाला बाजूला घेऊन, पट्टी हातात देऊन विचारलं की तो बोटानं ७ वर टेकवतो आणि हळूच म्हणतो, "सर, आज लय झालं."

प्रश्नाचे शब्द रोज तेच ठेवा. 'दमलास का?' हा वेगळा प्रश्न आहे. मूल रात्री जागलेलं असेल तर सराव हलका असूनही ते दमलेलं असतं. 'दुखतंय का?' हाही वेगळाच. आपल्याला सराव किती जड गेला, एवढंच हवं आहे. दुखण्यासाठी वहीत वेगळा रकाना ठेवू.

आणि या आकड्यावरून कुणाची निवड ठरवू नका, कुणाला बोलू नका, तो सगळ्यांसमोर वाचून दाखवू नका. ७ सांगितलं की सर संघातून काढतात, अशी शंका मुलांना एकदा आली की पुढचा सगळा हंगाम तुमच्या वहीत ४ आणि ५ च दिसतील.

मिनिटं कुठून कुठपर्यंत

अंग गरम करायला सुरुवात केली तिथपासून अंग मोकळं करून संपेपर्यंत धरा. मधली पाणी प्यायची विश्रांती त्यातच येऊ द्या. मैदान झाडणं, रेघा मारणं, सरांचं भाषण हे धरू नका. किशोर गटाचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन डावांचा आणि मध्ये पाच मिनिटांच्या विश्रांतीचा. अंग गरम करण्याची वेळ धरली की एका सामन्याची साधारण पन्नास मिनिटं होतात. राखीव खेळाडू बाकावरच बसून राहिला, तर त्याच्या नावावर अंग गरम केल्याची पंधरा मिनिटंच लिहायची. संघाला एकच मिनिटं आणि एकच आकडा टाकला, तर सात खेळलेली आणि पाच बसलेली मुलं वहीत सारखीच दिसतात.

वही

साधी दोनशे पानी वही चालते. प्रत्येक मुलाला एक पान द्या. रकाने सहाच : तारीख, काय केलं, मिनिटं, आकडा, गुणाकार, कुठे दुखतंय. 'काय केलं' या रकान्यात फक्त तुमचा सराव नाही, तर मुलाची त्या दिवसाची सगळी कसरत यायला हवी. शाळेतली रिलेची तयारी, रविवारी किल्ल्यावर जाणं, गावातल्या भरतीच्या पोरांबरोबर सोळाशे मीटर पळणं, हे सगळं प्रत्येकी एका ओळीत. मिनिटं आणि आकडा तसाच. 'माझ्याकडे येण्याआधी आज काय केलंस?' हे रोज विचारायची सवय लावून घ्या.

रोजचं सायकलनं येणं-जाणं धरू नका, कारण ते सगळ्या आठवड्यांत सारखंच असतं. शेतातल्या कामाला आकडा देण्याच्या फंदात मी पडत नाही. उसाच्या लागणीला किंवा भुईमूग काढायला दिवसभर राबलेल्या मुलाच्या पानावर समासात 'शेत' एवढंच लिहितो आणि दुसऱ्या दिवशी त्याला हलकं ठेवतो.

संगणकावर ठेवायचं असेल तर गुगल शीट्समध्ये A मध्ये तारीख, B मध्ये मुलाचा जर्सी क्रमांक, C मध्ये काय केलं, D मध्ये मिनिटं, E मध्ये आकडा आणि F मध्ये गुणाकार ठेवा. H1 मध्ये आठवड्याच्या सोमवारची तारीख टाका. पहिलं सूत्र F2 मध्ये लिहून खाली ओढायचं. दुसरं ७ नंबरच्या मुलाची त्या आठवड्याची बेरीज देतं, ते I1 मध्ये ठेवा.

```
=D2*E2
=SUMIFS(F:F,B:B,7,A:A,">="&H1,A:A,"<="&H1+6)
```

नावाऐवजी जर्सी क्रमांक ठेवला की शीट चुकून कुणाच्या फोनवर उघडली तरी चर्चा होत नाही.

आधी नेहमीचा आठवडा माहीत हवा

पहिले तीन-चार आठवडे काहीही बदलू नका, नुसतं लिहा. तेवढ्यात प्रत्येक मुलाचा नेहमीचा आठवडा किती एककांचा असतो ते कळतं. उदाहरणाला नववीतला एक मुलगा घेऊ, उजव्या कोपऱ्यावर खेळणारा. त्याचा सुट्टीआधीचा आठवडा असा असतो. सोमवार आणि रविवार सुट्टी. मंगळवारी ७५ मिनिटं, आकडा ४, म्हणजे ३००. बुधवारी ६० मिनिटं, ३, म्हणजे १८०. गुरुवारी ९० मिनिटं, ५, म्हणजे ४५०. शुक्रवारी पुन्हा ६० आणि ३, म्हणजे १८०. शनिवारी सराव सामना, ९० मिनिटं, ६, म्हणजे ५४०. बेरीज १६५०. त्याआधीचा आठवडा १६२० चा. म्हणजे हा मुलगा साडेसोळाशेच्या आसपास पेलतो, तेवढ्यावर तो ताजा राहतो, कुठे दुखत नाही.

हा आकडा त्याचा एकट्याचा आहे. त्याच संघातला चढाईपटू १९०० वर मजेत असेल आणि नुकताच आलेला मुलगा १२०० वर थकत असेल. संघाची सरासरी काढून तिच्याकडे बघत बसलात, तर अचानक चढलेला एकटा मुलगा त्या सरासरीत बुडून जातो.

एक आठवडा उलगडून

आता दिवाळी. दोन आठवड्यांत मुलगा मामाच्या गावाला गेला, थोडं क्रिकेट खेळला, एकदा पळायला गेला. भार आधी ५००, मग ३००. शाळा सुरू झाली आणि प्रशिक्षकांनी नेहमीचंच वेळापत्रक लावलं. त्यांच्या डोक्यात हा १६५० चाच आठवडा होता. मुलाच्या पानावर मात्र हे आलं :

मंगळवार : सराव, ७५ × ६ = ४५०
बुधवार : सराव, ६० × ५ = ३००; शाळेत रिले, ४० × ६ = २४०
गुरुवार : सराव, ९० × ७ = ६३०
शुक्रवार : सराव, ६० × ५ = ३००; शाळेत रिले, ४० × ६ = २४०
शनिवार : सराव सामना, ९० × ७ = ६३०
रविवार : मित्रांबरोबर अजिंक्यतारा, ७० × ६ = ४२०

बेरीज ३२१०. नेहमीच्या आठवड्याच्या जवळजवळ दुप्पट.

यात दोन गोष्टी वेगवेगळ्या करून बघायच्या. नुसता मैदानावरचा सराव मोजला तर २३१० होतो. मिनिटं तीच, मुलगाही तोच, तरी १६५० चे २३१० झाले, कारण सुट्टीत दम उतरलेला आहे. पूर्वी ४ वाटणारी तालीम आता ६ वाटते. घड्याळात हे दिसत नाही, मुलाच्या आकड्यात दिसतं. या पद्धतीतली ही मला सगळ्यात मोलाची बाजू वाटते.

उरलेले ९०० मैदानाबाहेरचे. दोनदा रिले आणि एकदा किल्ला. पीटीच्या सरांना कबड्डीचा सराव माहीत नाही, कबड्डीच्या सरांना रिले माहीत नाही, आणि किल्ला कुणालाच माहीत नाही. प्रत्येकाच्या मते आपण मुलाला बेताचंच काम दिलं आहे. वेगवेगळ्या लोकांनी दिलेल्या अशा बेताच्या कामांची बेरीज एकाच मुलाच्या पायांवर पडते. नव्या प्रशिक्षकानं शोधायचा उसळा, म्हणजे भारानं अचानक घेतलेली उडी, बहुतेक वेळा इथेच सापडतो, आपल्या वेळापत्रकात नाही.

गुरुवारी रात्री वही उघडा

बरेच जण आठवड्याची बेरीज रविवारी करतात. तोवर उसळा येऊन गेलेला असतो. गुरुवारी रात्री आतापर्यंतची बेरीज करा. वरच्या मुलाची गुरुवारपर्यंतची बेरीज ४५०, ३००, २४० आणि ६३० मिळून १६२० होते. म्हणजे त्याचा नेहमीचा अख्खा आठवडा गुरुवारीच भरला आहे आणि अजून तीन दिवस बाकी आहेत. नेहमीच्या आठवड्यात गुरुवारपर्यंत ९३० झालेले असतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की निर्णय घ्यायला वेळ लागत नाही.

शुक्रवारी त्याला सरावातून मोकळा करा. मैदानावर येऊ द्या, गुण लिहायला बसवा, पण पळवू नका. पीटीच्या सरांना फोन करून शुक्रवारची रिले चुकवायला सांगा. फोनवर तक्रारीचा सूर नको. "सर, याचा आठवडा आजच भरलाय, सोमवारपासून तुमच्याकडे पाठवतो" असं म्हटलं की सहसा कुणी अडवत नाही. शनिवारी सामना खेळवायचा नाही. पकडीची जागा, हाताची ठेवण, साखळी कशी धरायची हे चालत-चालत अर्धा तास. आकडा ३ आला तर ९० एकक. रविवारी किल्ला नाही. आठवडा १७१० वर थांबतो. सुट्टीनंतरच्या आठवड्याला हेही जास्तच आहे, पण ३२१० पेक्षा कितीतरी बरं.

कमी करताना आधी मिनिटं कमी करा, मग दम काढणारा भाग. मुलाला 'हळू पळ' सांगून भागत नाही. मित्र शेजारी पळत असताना चौदा वर्षांचं मूल हळू पळत नसतं.

सुट्टीनंतर पायरी-पायरीनं

किती वाढलं म्हणजे अचानक वाढलं? दोन ठोकताळे तुमच्या कानावर येतील. एक, दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. चालू हंगामात सावधगिरी म्हणून तो ठीक आहे. सुट्टीनंतर तो अक्षरशः लावला, तर ३०० च्या आठवड्यानंतर ३३० चा आठवडा येतो आणि मुलगा जिल्हा स्पर्धेपर्यंत तयारच होत नाही.

दुसरा ठोकताळा ऑस्ट्रेलियातल्या टिम गॅबेट यांच्यामुळे पसरला. २०१६ च्या लेखात त्यांनी या आठवड्याचा भार भागिले गेल्या चार आठवड्यांची सरासरी, हे गुणोत्तर मांडलं. ०.८ ते १.३ मध्ये राहिलं तर बरं, १.५ च्या वर धोका जास्त, असं त्यांचं म्हणणं. पुढे फ्रँको इम्पेलिझेरी आणि इतर संशोधकांनी या गुणोत्तराच्या गणितावरच बोट ठेवलं. त्यावरून दुखापतीचं भाकीत करता येत नाही, असं त्यांनी दाखवलं. आपल्या उदाहरणात अडचण वेगळीच आहे. सुट्टीचे दोन आठवडे सरासरीत बसले की सरासरी इतकी खाली येते की पुढचे तीन-चार आठवडे शहाणपणानं वाढवलेला सरावही धोक्याचा दिसतो. म्हणून मी सुट्टीनंतर हे गुणोत्तर वापरत नाही. हंगाम एकसारखा चालू असताना एक खूण म्हणून ते बघायला हरकत नाही.

त्याऐवजी मुलाच्या नेहमीच्या आठवड्याला मोजमाप धरा. दोन आठवड्यांच्या सुट्टीनंतर पहिला आठवडा त्याच्या निम्म्याहून थोडा वर ठेवा आणि चौथ्या आठवड्यात मूळ जागी पोचा. १६५० वाल्या मुलासाठी ९००, ११५०, १४००, १६५०. हे आकडे कुठल्या संशोधनातून आलेले नाहीत. मैदानावर वापरून पाहिलेला हा अंदाज आहे. पायरी चढताना दुखण्याच्या रकान्यात काही आलं तर त्याच पायरीवर आणखी एक आठवडा थांबा.

९०० चा आठवडा प्रत्यक्षात कसा दिसतो? सुट्टीनंतर आकडे चढेच येणार, म्हणून सराव ५० मिनिटांचाच धरा आणि तो मुलाला ५ वाटेल असा हलका आखा. २५० एकक. असे तीन दिवस, ७५०. शाळेत एकदाच रिले, ४० मिनिटं आणि ४, म्हणजे १६०. एकूण ९१०. किल्ला या आठवड्यात नाही. दुसऱ्या आठवड्यात किल्ला हवाच असेल तर जाऊ द्या, पण त्याचे चारशे एकक आधी बाजूला काढून उरलेला सराव आखा. साताऱ्याच्या पोराला अजिंक्यतारा कायमचा बंद करता येत नाही आणि करूही नये. त्याला हिशेबात घेतलं की झालं.

जिल्हा स्पर्धा तिसऱ्याच आठवड्यात असेल, तर पायऱ्या घाईनं चढू नका. सुट्टीतच काम द्या. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास, घराच्या अंगणात. बैठका, दोरीउड्या, थोडं पळणं. आकडा ४ आला तर आठवड्याला ३६० एकक आपसूक जमा होतात, आणि गावाकडचं खेळणं त्यावर वेगळं. परतल्यावरची पहिली पायरी मग तितकी उंच राहत नाही.

तुमचा आकडा आधी लिहा

सराव सुरू होण्याआधी, आज मुलांना किती जड जाईल असं तुम्हाला वाटतं तो आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. प्रशिक्षकाचा अंदाज आणि मुलांचे आकडे बऱ्याचदा जुळत नाहीत. विशेषतः हलका म्हणून ठेवलेला दिवस मुलांना तितका हलका वाटत नाही. सगळा संघच तुमच्यापेक्षा दोन वर असेल, तर सराव आखण्यात गडबड आहे. एकच मुलगा दोन वर असेल आणि ते सलग तीन-चार दिवस टिकलं, तर त्याला विचारा : झोप कशी आहे, सकाळी काही खाऊन येतोस का, ताप-सर्दी आहे का, घटक चाचणी चालू आहे का. मी पाहिलेल्या बऱ्याच चढ्या आकड्यांमागे उपाशीपोटी सकाळचा सराव होता.

उलटंही बघा. एखादा मुलगा रोज ५ च सांगतो, सामना असो की चालणं. त्याच्याशी भांडू नका. त्याला एका दिवशी मुद्दाम अगदी सोपा सराव द्या, दुसऱ्या दिवशी जड, आणि दोन्ही दिवशी पट्टी हातात देऊन विचारा, 'कालच्यापेक्षा वर की खाली?' वर-खाली कळायला लागलं की आकडा आपोआप हलतो. तरीही हलला नाही तर त्या मुलाच्या बाबतीत मिनिटं आणि तुमचा स्वतःचा अंदाज यांवरच चाला.

आकड्याला जे दिसत नाही

दीड तास हलकं पळणं, आकडा ३, म्हणजे २७०. अर्धा तास जोरदार पकडी, आकडा ९, तेही २७०. दम आणि थकवा दोन्हीकडे मिळून सारखा धरला, पण घोट्याला आणि खांद्याला बसलेले धक्के अजिबात सारखे नाहीत. मातीवरून मॅटवर गेल्यावरही हेच होतं. एककं तीच राहतात आणि पायाला लागणारा मार बदलतो. म्हणून एकाच आठवड्यात मैदानही बदलायचं आणि भारही वाढवायचा, असं करू नका.

मुलगा झपाट्यानं उंच होत असेल, मुलांमध्ये हे साधारण तेरा-चौदाच्या सुमाराला होतं आणि मुलींमध्ये त्याआधी, तर नेहमीचा आठवडाही त्याला जड होऊ शकतो. वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दाबलं की कळ येणं, किंवा टाचेच्या मागे दुखून सकाळी लंगडत चालणं, ही वाढीच्या हाडांवर ताण आल्याची नेहमीची चिन्हं आहेत. पहिल्याला ऑस्गुड-श्लाटर म्हणतात, दुसऱ्याला सेव्हर. दर दोन-तीन महिन्यांनी भिंतीला उभं करून उंचीची रेघ मारा. रेघ भराभर वर जात असेल, तर त्या मुलाचा भार काही आठवडे आहे तिथेच ठेवा, वाढवू नका.

दुखण्याच्या रकान्यात एकच जागा सलग तीन वेळा आली, तर एककं कितीही कमी असली तरी त्या जागेवर भार पडेल असं काम बंद करा. सूज असेल, लंगडत असेल, रात्री दुखून झोपमोड होत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा आणि वहीचं पान सोबत द्या. गेल्या सहा आठवड्यांत काय-काय झालं, हे मुलाला तोंडी नीट सांगता येत नाही. पानावर ते तारखेनिशी असतं.